पोट मऊ, दुखणं भयंकर

दारावर एक कार्ड लावलेलं असतं. विद्यार्थ्याने ते एका मिनिटात वाचायचं आणि घंटा वाजली की आत जायचं. कार्डावरचा मजकूर असा: "35 वर्षांचा शेतकरी, पोलादपूरजवळच्या वाडीतला. पहाटे चार वाजता पोटात जोरात कळ आली म्हणून जागा झाला. दोन उलट्या झाल्या. ताप नाही, जुलाब नाहीत. याचं पोट तपासा. वेळ 8 मिनिटं."

आत खाटेवर माणूस झोपलेला असतो, बाजूला परीक्षक बसलेले असतात आणि त्यांच्या हातात गुणांची यादी असते. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी या परीक्षेचं नाव 'ऑस्की'. स्कॉटलंडमधल्या डंडी इथले रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ही पद्धत मांडली. तोवर प्रात्यक्षिक परीक्षेत नशिबाचा वाटा मोठा होता. एकाला सोपा रुग्ण मिळे, दुसऱ्याला अवघड. एक परीक्षक हात सैल सोडी, दुसरा घट्ट आवळून धरी. हार्डन यांनी परीक्षेचे छोटे छोटे थांबे केले. प्रत्येक थांब्यावर एकच काम, सगळ्यांना तोच रुग्ण, तेवढाच वेळ आणि आधीच ठरलेली यादी. भारतात 2019 पासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम आला आणि इथेही या थांब्यांचं वजन वाढलं.

वरवर पाहिलं तर ही यादी निव्वळ कारकुनी वाटते: हे केलं, एक गुण, ते केलं नाही, शून्य. पण पोटाच्या तपासणीची यादी एकेक ओळ थांबून वाचली, तर प्रत्येक ओळीच्या मागे शरीराच्या रचनेतलं एखादं थक्क करणारं कारण सापडतं. त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ पोटाबद्दलची नाहीच. ती पापण्यांबद्दल आहे. आणि ती तिथे का हवी, हे महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारांवर जितकं लख्ख कळतं तितकं क्वचितच कुठे कळत असेल.

यादी

ही यादी त्या वाडीतल्या शेतकऱ्याची केस डोळ्यांसमोर ठेवून मांडली आहे. एकूण गुण 20.

सुरुवात (2 गुण)
- स्वतःचं नाव सांगितलं, परवानगी घेतली, हात धुतले, तळवे चोळून उबदार केले: 1
- रुग्णाला उताणं, एका उशीवर, हात बाजूला ठेवून झोपवलं. पोट पुरेसं उघडं, बाकी अंग चादरीखाली: 1

पोटाआधी (4 गुण)
- हात, नखं, नाडी: 1
- डोळ्यांतला फिकेपणा आणि पिवळेपणा, उजेडाकडे तोंड करून: 1
- पापण्या, रुग्णाला मिनिटभर वर बघायला लावलं: 2

पाहणी (2 गुण)
- खाटेच्या पायथ्याशी उभं राहून पोट श्वासाबरोबर हलतं का ते पाहिलं, खोकायला सांगितलं: 1
- शस्त्रक्रियेचे व्रण आणि हर्नियाच्या जागा पाहिल्या: 1

हाताने तपासणी (6 गुण)
- दुखरी जागा एका बोटाने दाखवायला सांगितली आणि सुरुवात तिथून सगळ्यात दूर केली: 1
- दाबताना नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर: 1
- नऊही भागांत हलक्या हाताने: 1
- नऊही भागांत खोल दाबून: 1
- यकृत आणि प्लीहा, दोन्हींची सुरुवात उजव्या खालच्या कोपऱ्यातून, श्वासाच्या तालावर: 2

वाजवणं आणि ऐकणं (2 गुण)
- यकृताची वरची कड आणि पोटातलं पाणी परकशनने तपासलं: 1
- आतड्यांचे आवाज स्टेथोस्कोपने ऐकले: 1

शेवट (4 गुण)
- राहिलेल्या तपासण्या तोंडी सांगितल्या, रुग्णाला पांघरूण घातलं, आभार मानले: 1
- निष्कर्ष दोन वाक्यांत सांगितला: 1
- पुढचं पहिलं पाऊल बरोबर सांगितलं: 2

दुरून सुरुवात का

"दुखतंय तिथे आधी हात लावू नका," हे तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतात. पहिलं कारण साधं आहे. दुखऱ्या जागी आधीच दाबलं की माणूस सगळं पोट आवळून धरतो आणि मग कुठेच काही कळत नाही. दुसरं कारण मात्र फार खोल आहे.

पोटात दोन वेगळ्या तऱ्हेची दुखणी असतात. आतडं, अपेंडिक्स, पित्ताशय या अवयवांची दुखणी संथ आणि मोघम. माणूस सगळा तळवा पोटावर फिरवतो आणि म्हणतो, "इथे कुठेतरी." पोटाच्या भिंतीला आतून लागलेला पातळ पडदा, म्हणजे पेरिटोनियम, याची दुखणी मात्र नेमकी. त्याला सूज आली की माणूस एका बोटाने जागा दाखवतो. म्हणूनच यादीत 'एका बोटाने' असं लिहिलेलं असतं. तळवा की बोट, यातच अर्धं उत्तर असतं.

अपेंडिक्सचं दुखणं याचं सुरेख उदाहरण आहे. अपेंडिक्स असतं पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, पण त्याचं दुखणं सुरू होतं बेंबीभोवती. गर्भात आतड्याचा हा मधला भाग बेंबीच्या पातळीवरच्या मज्जातंतूंशी जोडला गेला. पुढे आतडं वळलं, सरकलं, अपेंडिक्स कोपऱ्यात जाऊन बसलं, पण तार जुन्याच जागी जोडलेली राहिली. त्यामुळे मेंदूला वाटतं, बेंबीपाशी दुखतंय. काही तासांनी सूज बाहेर पडून भिंतीच्या पडद्याला लागते, आणि दुखणं बेंबीपासून उजव्या कोपऱ्यात उतरतं. चार्ल्स मॅकबर्नी यांनी 1889 मध्ये न्यूयॉर्कमध्ये नोंदवलेला दुखरा बिंदू तो हाच. रुग्ण म्हणतो, "आधी इथे होतं, आता इकडे आलंय," आणि तो आपल्या गर्भावस्थेची हकिकत सांगत असतो, त्याला ठाऊक नसताना.

आता हाताखाली काय लागतं ते पाहू. भिंतीच्या पडद्याला आणि त्यावरच्या स्नायूंना एकाच पातळीचे मज्जातंतू पुरवठा करतात. पडदा सुजला की त्याच वाटेने उलटा निरोप जातो आणि वरचा स्नायू आपोआप ताठरतो. याला गार्डिंग म्हणतात. ते रुग्णाच्या हातात नसतं. बोलण्यात गुंतवलं, गुडघे वाकवायला सांगितले, श्वास सोडायला लावला, तरी ते सुटत नाही. घाबरून आवळलेलं पोट मात्र बोलता बोलता सैल पडतं. म्हणून हलक्या हाताने दाबत विद्यार्थी सहज विचारतो, "दादा, भात किती लावलाय यंदा?" दादा सांगू लागतात आणि पोट मऊ होतं की नाही, ते हाताला कळतं. नजर चेहऱ्यावर ठेवायची तीही याचसाठी. माणूस तोंडाने नाही म्हणेल, पण भुवया खरं सांगतात.

प्लीहेसाठी उलट्या टोकापासून

प्लीहा डाव्या बरगड्यांखाली असते. मग तिचा शोध पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून का सुरू करायचा? नवखा विद्यार्थी इथे हमखास गुण गमावतो. तो थेट डाव्या बरगडीखाली हात घालतो.

प्लीहेच्या खालच्या टोकाखाली मोठ्या आतड्याला धरून ठेवणारी एक पट्टी आडवी असते. त्यामुळे वाढलेली प्लीहा सरळ खाली उतरू शकत नाही. ती तिरकी, बेंबीकडे आणि पुढे उजव्या खालच्या कोपऱ्याकडे वाढते. साधारण दुपटी-तिपटीने वाढल्याशिवाय ती हाताला लागतही नाही. आणि फार वाढली की दुसरीच अडचण: बरगडीखालून सुरुवात करणाऱ्याचा हात प्लीहेच्या पृष्ठभागावरच पडतो, कड सापडत नाही, आणि एवढी मोठी गोष्ट हाताखाली असूनही तो "प्लीहा लागत नाही" असं सांगून मोकळा होतो. उजव्या कोपऱ्यातून वर येणाऱ्याला कड चुकत नाही.

हात स्थिर ठेवायचा आणि रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगायचं. छातीचा पडदा खाली येतो, प्लीहेला आणि यकृताला खाली ढकलतो आणि अवयव स्वतःहून बोटांना येऊन भिडतो. श्वास सुटला की हात बोटभर वर सरकवायचा आणि पुन्हा थांबायचं. घाई करणारा विद्यार्थी श्वास आत जात असतानाच हात हलवतो आणि नेमका तोच स्पर्श हुकतो. श्वासाच्या तालाला दोन गुण आहेत ते म्हणूनच.

वाडीतल्या शेतकऱ्याचं पोट

आता कार्डावरच्या माणसाकडे येऊ. विद्यार्थ्याने सगळं नीट केलं. दुरून सुरुवात केली, चेहरा पाहिला, नऊही भाग दाबले. परीक्षक ठरलेलं वाक्य सांगतात: "पोट सगळीकडे मऊ आहे. गार्डिंग नाही. आतड्यांचे आवाज आहेत." माणूस मात्र पोट धरून तळमळतो आहे.

बहुतेक विद्यार्थी इथे गोंधळतात, कारण त्यांना काहीच सापडलेलं नसतं. खरं तर एक मोठी गोष्ट सापडलेली असते. मऊ पोटाचा अर्थ असा की भिंतीचा पडदा सुजलेला नाही. एवढी कळ आणि पडदा शांत, तर दुखण्याचं मूळ दुसरीकडे शोधायला हवं. अशा कारणांची यादी लहान आहे आणि गंभीर आहे: आतड्याचा रक्तपुरवठा तुटणं, स्वादुपिंडाच्या सुजेची सुरुवात, हृदयाच्या खालच्या भागाचा झटका, मधुमेहात रक्त आम्लधर्मी होणं. आणि महाड-पोलादपूरच्या पावसाळ्यात आणखी एक नाव त्यात वरच्या ओळीत येतं: मण्यार.

मण्यार रात्री फिरते आणि उंदीर, सरडे, दुसरे साप शोधत घरात शिरते. सावित्रीच्या खोऱ्यातल्या वाड्यांवर पावसाळ्यात घराभोवती गवत-पाणी असतं आणि माणसं जमिनीवर अंथरूण घालून झोपतात. मण्यारीचे दात बारीक, दंश जवळजवळ न दुखणारा. झोपलेल्या माणसाला बहुधा कळतही नाही, आणि सकाळी शोधली तरी खूण सापडत नाही. सूज नाही, रक्त नाही. काही तासांनी पोटात कळ येते, उलटी होते आणि घरचे म्हणतात, "रात्रीचं जेवण बाधलं." कोकणात मण्यारीचा दंश असा पोटदुखीच्या वेशात दवाखान्यात येतो. 1976 मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेले आणि विंचूदंशावरच्या संशोधनाने जगभर पोचलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह मण्यार आणि नागाच्या दंशाच्या लक्षणांवरही 2004 मध्ये लिहिलं, ते याच ग्रामीण भागातल्या रुग्णांच्या अनुभवावरून.

मण्यारीचं विष मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात तिथे जाऊन बसतं आणि तंतूचं टोकच निकामी करतं. निरोप निघतो, पण स्नायूला पोचत नाही. शरीरात हे पहिल्यांदा दिसतं ते पापण्यांवर. दिवसभर डोळा उघडा धरून ठेवणारा हा इवलासा स्नायू सतत राबत असतो, म्हणून त्याची उणीव आधी उघडी पडते. माणूस सहज बघत असताना पापण्या ठीक वाटू शकतात. पण वर छताकडे मिनिटभर बघायला लावा, त्या हळूहळू उतरू लागतात. यादीतले ते दोन गुण याचेच.

परीक्षकाने काय बोलायचं, काय नाही

थांब्यावर परीक्षकाचं प्रत्येक वाक्य आधी लिहून ठेवलेलं असतं, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या विद्यार्थ्याला तेच ऐकू येतं. या केससाठी ती वाक्यं अशी:

- तिसऱ्या मिनिटापर्यंत पोटाला हात लागला नसेल, तर: "पुढे चला."
- हाताने तपासणी झाल्यावर: "पोट सगळीकडे मऊ आहे. गार्डिंग नाही. याचा अर्थ काय?"
- विद्यार्थ्याने रुग्णाला वर बघायला लावलं, तरच: "अर्ध्या मिनिटात दोन्ही पापण्या उतरू लागतात."
- विद्यार्थ्याने एका श्वासात आकडे मोजायला लावले, तरच: "बारापर्यंत पोचतो, मग थांबतो."
- सहाव्या मिनिटाला: "निष्कर्ष सांगा."
- शेवटी: "आता पहिली गोष्ट कोणती कराल?"

"डोळे बघितले का?" हे वाक्य मात्र कोणत्याही परिस्थितीत तोंडातून निघता कामा नये. ते निघालं की उत्तर परीक्षकाने दिलं आणि गुण विद्यार्थ्याला गेले. 'तरच' हा शब्द दोनदा आला आहे तो म्हणूनच: जो शोधतो त्यालाच खूण दिसली पाहिजे. रुग्णाची भूमिका करणाऱ्यालाही नीट शिकवावं लागतं. दाबल्यावर त्याने चेहरा वाकडा करायचा, पण पोट सैल ठेवायचं. हे अवघड आहे. दुखण्याचं सोंग करताना अंग आपोआप आवळतं आणि मग केसच बदलते. "रात्री कुठे झोपला होता?" असं विचारलं, तर त्याने सांगायचं, "पडवीत, खाली." विचारलं नाही, तर गप्प राहायचं.

शेवटच्या दोन गुणांचं उत्तर असं हवं: श्वासाकडे लक्ष ठेवत व्हेंटिलेटरची सोय असलेल्या ठिकाणी हलवण्याची तयारी, सोबत अँबू बॅग, सर्पविषरोधक लसीच्या 10 कुप्या शिरेतून, लसीची तीव्र प्रतिक्रिया आली तर हाताशी ॲड्रेनालिन. यातला एकच भाग सांगितला तर एक गुण. "पोटदुखीचं इंजेक्शन देऊन संध्याकाळी बोलवीन," या उत्तराला शून्य. आणि ते देणारा विद्यार्थी बाकीचे गुण मिळवूनही थांबा पार करत नाही. ही अट यादीच्या खाली ठळक लिहिलेली असते.

एक सापळा इथेही आहे. दंशाचा संशय आला की काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं ठेवतात आणि ते गोठतं का ते पाहतात. घोणस आणि फुरशाच्या विषबाधेत ते गोठत नाही. मण्यारीच्या विषाने रक्त बिघडत नाही, ते नेहमीसारखं गोठतं. नळी बघून "साप नाही" असं म्हणणारा विद्यार्थी चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देत असतो.

लसीचीही मर्यादा आहे. ती रक्तात फिरणारं विष बांधते. तंतूच्या टोकांचं झालेलं नुकसान भरून काढत नाही. ती टोकं पुन्हा वाढायला वेळ लागतो आणि तोवर श्वास यंत्राने द्यावा लागतो. या काळात रुग्णाच्या पापण्या मिटलेल्या, बाहुल्या उजेडाला प्रतिसाद देत नाहीत, हात-पाय हलत नाहीत. वरून पाहणाऱ्याला वाटतं, संपलं. पण रुग्णाला आजूबाजूचं सगळं ऐकू येत असतं. श्वास टिकवला, तर असे रुग्ण काही दिवसांत डोळे उघडतात.

यादी कुठे अपुरी पडते

या यादीचा एक दोष अभ्यासाने उघड झाला आहे. 1999 मध्ये ब्रायन हॉजेस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की नुसत्या टिकमार्कांच्या यादीवर अनुभवी डॉक्टरांना नवख्यांपेक्षा जास्त गुण मिळतीलच असं नाही; कधी कमीच मिळतात. नवखा सगळ्या पायऱ्या क्रमाने चढतो. अनुभवी माणूस मऊ पोट लागताच यकृताची वरची कड वाजवत बसत नाही, तो सरळ डोळ्यांकडे वळतो, "रात्री कुठे झोपला होतात?" असं विचारतो आणि मोजणी सुरू करतो. यादी त्याचा एक गुण कापते.

म्हणून चांगल्या थांब्यावर यादीबरोबर एक एकूण मतही नोंदवलं जातं: नापास, काठावर, पास, उत्तम. परीक्षक ते आकडे न जुळवता देतात. मग काठावरच्या विद्यार्थ्यांना यादीवर सरासरी किती गुण पडले ते पाहून पास व्हायची रेषा ठरवता येते. काटेकोर यादी आणि अनुभवी डोळा, दोन्ही एकमेकांना तपासतात.

महाड-पोलादपूरच्या गावांत या थांब्यावरच्या तीन गोष्टी परीक्षेबाहेरही लागू पडतात, आणि त्यांना डॉक्टरची पदवी लागत नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटे पोटदुखीने उठलं, तर त्याला वर बघायला लावा आणि पापण्या उतरतात का ते मिनिटभर पाहा. एका श्वासात आकडे मोजायला सांगा आणि दहा मिनिटांनी पुन्हा मोजून घ्या. पापणी जडावत असेल किंवा आकडा खाली येत असेल, तर दंशाची खूण शोधण्यात वेळ घालवू नका. गाडी काढा आणि सरळ रुग्णालय गाठा. पापण्या ठीक वाटल्या तरी कळ थांबत नसेल, तर दवाखान्यात जायचंच, आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगायचं: "रात्री जमिनीवर झोपला होता."